गिअरमागचं टेबल मोटरला किती जड वाटतं? एका इंडेक्सिंग टेबलाचा पूर्ण हिशोब

गोल टेबल, त्यावर आठ बाटल्यांची आठ घरं, खाली मोठा गिअर, त्याला लागून पिनियन, पिनियनमागे प्लॅनेटरी गिअरबॉक्स आणि शेवटी सर्वो मोटर. वसई, साकीनाका किंवा रबाळेच्या एखाद्या गाळ्यात पॅकिंग मशिनवर काम करायला लागलात, तर असं टेबल कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच. टेबल ४५ अंश फिरतं, थांबतं, बाटली भरते, पुन्हा फिरतं. मोटर कोणती घ्यायची हे बहुतेक नवखे टॉर्क काढून ठरवतात. टॉर्कचा हिशोब चुकलेला नसतो, मोटर फिरते, तापतही नाही. तरी टेबल थांबताना डुलतं आणि फिटर येऊन सांगतो, "साहेब, टेबल थांबतंय, पण बसत नाहीये."

न बसण्याचं कारण बहुतेक वेळा इनर्शियाच्या हिशोबात सापडतं. टेबलाचा इनर्शिया गिअरमधून मोटरच्या शाफ्टवर आणायचा, त्याला रोटरच्या स्वतःच्या इनर्शियाने भागायचं आणि आलेला आकडा, म्हणजे इनर्शिया रेशो, या मशिनला चालेल का ते ठरवायचं. गणित दहावी-बारावीच्या पलीकडचं नाही. आकडा चालेल की नाही, हे ठरवताना मात्र लोक चाचपडतात, म्हणून पुढे त्यावर जास्त वेळ घालवला आहे.

आधी शाफ्ट मोजा, मग आकडे

कॅलक्युलेटर हातात घ्यायच्या आधी कागदावर शाफ्टांची रांग काढा. आपल्या मशिनमध्ये तीन शाफ्ट आहेत. पहिला मोटरचा. त्यानंतर १०:१ चा गिअरबॉक्स, म्हणजे मधला शाफ्ट मोटरच्या एक दशांश वेगाने फिरतो. मधल्या शाफ्टवर २० दातांचा पिनियन आहे आणि तो टेबलाखालच्या ८० दातांच्या गिअरला फिरवतो, म्हणजे आणखी ४:१. मोटर ४० फेरे फिरली की टेबलाचा एक फेरा होतो.

रेशो नेमप्लेटवर आहे म्हणून विश्वास ठेवू नका, निदान उघड्या गिअरच्या बाबतीत तरी नाही. खडूने एका दातावर खूण करून दात मोजा. बदली म्हणून बसवलेला पिनियन २० च्या जागी २२ दातांचा निघण्याचे प्रकार होतात. इथे रेशोचा वर्ग होणार असल्यामुळे रेशोतली १० टक्क्यांची चूक शेवटच्या आकड्यात साधारण २० टक्क्यांची होते.

आता प्रत्येक शाफ्टसमोर त्याचा जास्तीत जास्त वेग लिहा. टेबलाला ४५ अंश फिरायला ०.४ सेकंद मिळतात. त्यातले ०.२ सेकंद वेग वाढवायला आणि ०.२ सेकंद कमी करायला. सरासरी वेग सेकंदाला ११२.५ अंश, आणि मधल्या क्षणी त्याच्या दुप्पट, म्हणजे २२५ अंश. मिनिटाच्या फेऱ्यांत टेबल ३७.५, मधला शाफ्ट १५०, मोटर १,५००. सर्वो मोटरचा रेटेड वेग साधारण ३,००० असतो, तेव्हा वेगाच्या बाजूने आपण निम्म्यावर आहोत. ही निम्मी जागा लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येईल.

प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा इनर्शिया

आता एकेका शाफ्टवर काय काय बसलंय ते लिहायचं आणि प्रत्येकाचा इनर्शिया त्याच्याच शाफ्टभोवती काढायचा. या टप्प्यात गिअर रेशो मध्ये आणायचा नाही.

टेबल म्हणजे ६०० मिमी व्यासाची, १५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट. ॲल्युमिनियमची घनता २,७०० किलो प्रति घनमीटर धरली की वजन ११.४५ किलो येतं. भरीव चकतीचा इनर्शिया वजनाच्या निम्म्याला त्रिज्येच्या वर्गाने गुणून मिळतो:

```
J = 0.5 x m x r^2
  = 0.5 x 11.45 x 0.30^2 = 0.515 kg.m2
```

बाटली धरणारी आठ घरं टेबलाच्या मध्यापासून २५० मिमीवर आहेत. भरलेल्या बाटलीसकट प्रत्येकाचं वजन ०.८ किलो. त्यांना मध्यबिंदूभोवती फिरणारी ठोस वजनं मानलं तर चालतं:

```
J = 8 x 0.8 x 0.25^2 = 0.40 kg.m2
```

या दोन ओळी एकमेकींखाली ठेवून बघा. आठ घरांचं एकूण वजन ६.४ किलो, प्लेटच्या निम्म्याहून थोडं जास्त. पण इनर्शियात त्यांचा वाटा जवळजवळ प्लेटइतकाच आहे, कारण ती सगळी काठाकडे बसलीत. ड्रॉइंग करणाऱ्याने घराला आणखी एक स्टीलचा ब्रॅकेट लावला, तर तो वजनाच्या यादीत कुठे दिसतही नाही, पण इथे लगेच दिसतो.

टेबलाच्याच शाफ्टवर ८० दातांचा गिअर आहे. मॉड्यूल २, म्हणजे पिच व्यास १६० मिमी. रुंदी २० मिमी, स्टीलचा. वजन सुमारे ३.२ किलो, इनर्शिया ०.०१. हब आणि शाफ्ट मिळून ०.००६. सगळं मिळून टेबलाच्या बाजूला ०.९३ किग्रॅ·मी².

मधल्या शाफ्टवर पिनियन, कपलिंग आणि शाफ्टचा तुकडा. छोट्या व्यासाच्या या वस्तू मिळून ०.०००२४ किग्रॅ·मी². इतके शून्य मोजताना घोळ होतो, त्यामुळे मी इथून पुढे किग्रॅ·सेमी² वापरतो. १ किग्रॅ·मी² म्हणजे १०,००० किग्रॅ·सेमी². म्हणजे टेबल ९,३०० आणि मधला शाफ्ट २.४. छोट्या सर्वो मोटरांच्या कॅटलॉगात रोटरचा इनर्शिया बऱ्याचदा याच एककात किंवा दहाच्या उणे चौथ्या घातासह किग्रॅ·मी² मध्ये छापलेला असतो, आणि हे दोन्ही आकडे एकच असतात.

जुन्या मशिनची मोटर हाताळताना एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवा. जुन्या जपानी कॅटलॉगांत `J` ऐवजी `GD²` दिलेला असतो आणि तो चौपट असतो. चारने भागायचं राहिलं तर रोटर आहे त्यापेक्षा चारपट जड दिसतो, इनर्शिया रेशो कागदावर फार सुंदर येतो आणि मशिन जोडल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

गिअरमधून मोटरकडे आणताना वर्ग का?

गिअरबॉक्समुळे मोटरला टेबल हलकं वाटतं ते दोन कारणांनी. एक, टेबलाला लागणारा टॉर्क मोटरकडे येताना ४० ने भागला जातो. दोन, मोटर जितक्या झपाट्याने वेग घेते, त्याच्या एक चाळीसांश झपाट्याने टेबल वेग घेतं. एकदा टॉर्कमध्ये ४० आणि एकदा वेगवाढीत ४०, म्हणून इनर्शिया ४० च्या वर्गाने, म्हणजे १,६०० ने भागायचा. ऊर्जेने पटवून घ्यायचं असेल तर दोन्हीकडची गतिज ऊर्जा सारखी मांडा, तिथेही वेगाचा वर्ग हेच उत्तर देतो.

बरेच जण इथे एकदाच ४० ने भागतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळ्या तुकड्यांची बेरीज करून ती सरसकट १,६०० ने भागणं. प्रत्येक तुकडा आणि मोटर यांच्यामध्ये जेवढा रेशो आहे, तेवढ्याच्याच वर्गाने तो भागायचा. टेबल ४० च्या वर्गाने, मधला शाफ्ट १० च्या वर्गाने. गिअरबॉक्सच्या आतल्या चाकांचा इनर्शिया कॅटलॉगात सहसा इनपुट शाफ्टवरचा म्हणून दिलेला असतो, तो भागायचाच नाही, आहे तसा घ्यायचा. तो इनपुटचा आहे ना, एवढं मात्र तक्त्याच्या मथळ्यात वाचून घ्या.

```
table side     9300 / 40^2  = 5.81 kg.cm2
middle shaft    2.4 / 10^2  = 0.02 kg.cm2
gearbox        as given     = 0.10 or 0.40 kg.cm2
```

मधला शाफ्ट आकड्यात नावालाच उरला. उलट गिअरबॉक्सचा आकडा दिसायला किरकोळ, पण त्याला भागायचं नसल्यामुळे तो जाणवतो. मोटरजवळच्या वस्तू महाग पडतात: मोटर आणि गिअरबॉक्समध्ये कोणी वजनदार कपलिंग घातलं, तर त्याचा इनर्शिया पूर्णच्या पूर्ण मोजावा लागतो.

गिअरची कार्यक्षमता, बेअरिंगचं घर्षण, यांचा इथे संबंध नाही. ते टॉर्कच्या हिशोबात येतात.

दोन मोटरा, दोन आकडे

समोर दोन मोटरा ठेवू. ४०० वॅटची, रेटेड टॉर्क १.२७ न्यूटन-मीटर, रोटर ०.२८ किग्रॅ·सेमी². आणि ७५० वॅटची, रेटेड टॉर्क २.३९, रोटर १.० किग्रॅ·सेमी². या मापाच्या मोटरांचे हे अगदी नेहमीचे आकडे आहेत. तुमच्या मोटरचा रोटर मात्र तिच्याच कॅटलॉगातून घ्या, आणि ब्रेकवाली मोटर असेल तर ब्रेकसकटचा. छोट्या मोटरेसोबत छोटा गिअरबॉक्स जातो (०.१), मोठीसोबत मोठा (०.४).

```
400 W:  (5.81 + 0.02 + 0.10) / 0.28 = 21.2
750 W:  (5.81 + 0.02 + 0.40) / 1.00 =  6.2
```

आता टॉर्क बघू. टेबल ०.२ सेकंदांत सेकंदाला ३.९३ रेडियनपर्यंत पोचतं, म्हणजे मोटरची वेगवाढ ७८५ रेडियन प्रति सेकंद वर्ग. ४०० वॅटच्या मोटरवर रोटर धरून एकूण ६.२१ किग्रॅ·सेमी². टॉर्क काढताना ते परत किग्रॅ·मी² मध्ये न्यायला विसरू नका:

```
T = 0.000621 x 785 = 0.49 N.m
```

घर्षण आणि गिअरमधली तूट धरली तरी हा टॉर्क १.२७ च्या खूप आत राहतो. शिवाय भरणं चालू असताना टेबल उभंच असतं, त्यामुळे सरासरी आणखी खाली येते. टॉर्कच्या हिशोबाने ४०० वॅट पुरून उरते, आणि खरेदीवाला तीच मागवतो. त्याचं चूक म्हणता येत नाही, कारण त्याच्या कागदावर २१ हा आकडा कुठेच नव्हता.

२१ ने नेमकं काय बिघडतं?

मोटर आणि टेबल जर एका अखंड लोखंडाचं असतं, तर २१ नेही फार काही बिघडलं नसतं. गिअर नसलेल्या डायरेक्ट ड्राइव्ह मोटरा रोटरच्या कितीतरी पट इनर्शिया निवांत फिरवतात. खोट आहे ती मोटर आणि टेबल यांच्या मधल्या जोडणीत. तिच्यात ढिलाई आहे आणि थोडी लवचीकता आहे.

ढिलाई आधी मोजू. गिअरबॉक्सचा बॅकलॅश आउटपुटवर ८ आर्कमिनिट धरला. पिनियन आणि मोठा गिअर यांच्यात पिच वर्तुळावर ०.१ मिमी प्ले आहे, जो गाळ्यातल्या जुळवणीत अगदी चांगला मानला जाईल. गिअरची त्रिज्या ८० मिमी, बाटली २५० मिमीवर, म्हणजे दातावरचा ०.१ मिमी प्ले बाटलीपाशी ०.३ मिमी होतो. मोटर सर्वो-ऑन करून टेबलाचा काठ बोटांनी मागेपुढे ढकला, ही हालचाल हाताला लागते. डायल लावली तर काटाही दाखवतो.

आता तीच ढिलाई मोटरच्या बाजूने बघा. गिअरचे ४.३ आर्कमिनिट गुणिले ४०, आणि गिअरबॉक्सचे ८ गुणिले १०. बेरीज सुमारे २५२ आर्कमिनिट, म्हणजे मोटरच्या शाफ्टवर ४.२ अंश. टेबल जागेवर धरून ठेवलं तरी मोटर चार अंश मोकळी फिरू शकते.

टेबल थांबायला येतं तेव्हा दात एका बाजूचा स्पर्श सोडून दुसऱ्या बाजूला जातात. त्या चार अंशांत मोटरला टेबल जोडलेलंच नसतं. ड्राइव्हचे गेन मात्र पूर्ण वजन फिरवायचं या हिशोबाने लावलेले असतात. ४०० वॅटवर एकूण इनर्शिया ६.२१, आणि दात सुटल्यावर उरतो फक्त रोटर व गिअरबॉक्स, ०.३८. म्हणजे तेवढ्या क्षणापुरते गेन १६ पट जास्त पडतात. सैल दोरीने हातगाडी ओढणाऱ्याचं असंच होतं: दोरी सैल आहे तोवर हात मोकळा धावतो आणि ताणली गेली की हिसका बसतो. रोटर पलीकडच्या दातावर आपटतो, परत येतो, पुन्हा आपटतो. कानाला ते थांबताना आलेल्या घरघरीसारखं ऐकू येतं. मग कोणीतरी गेन उतरवतो, घरघर जाते, आणि टेबल डुलायला लागतं. फिटर ज्याला "बसत नाही" म्हणतो ते हेच.

७५० वॅटवर हाच हिशोब ७.२३ भागिले १.४, म्हणजे पाच पट. पाच पट फरक ड्राइव्हला सांभाळता येतो. ढिलाई तेवढीच आहे, फक्त रोटर आता इतका हलका नाही की दात सुटले म्हणून उधळावा.

लवचीकतेची गोष्टही याच वळणाची. मधला शाफ्ट, कपलिंग, दात हे सगळं थोडं पिळवटतं, आणि त्या स्प्रिंगच्या एका टोकाला रोटर, दुसऱ्या टोकाला टेबल. टेबल मागेपुढे झुललं की हलका रोटर त्याच्याबरोबर ओढला जातो, जड रोटर आपली जागा धरतो. इनर्शिया रेशो जितका मोठा, तितकं हे झुलणं मोटरकडून दाबणं अवघड.

मग चांगला आकडा कोणता?

कॅटलॉगात छोट्या मोटरांसमोर १५ पट, ३० पट असे आकडे दिसतात. ती मोटर आणि ड्राइव्हची मर्यादा आहे. तुमच्या गिअरमध्ये किती प्ले आहे, हे कॅटलॉग छापणाऱ्याला ठाऊक नसतं.

माझा अंदाज असा. उघडे गिअर असलेलं, झटपट थांबून लगेच स्थिर व्हायला हवं असं टेबल असेल, तर ५ च्या आसपास राहा; ६-७ चालतं. प्ले नगण्य असलेला चांगला गिअरबॉक्स थेट टेबलाला जोडलेला असेल तर १० पर्यंत जायला हरकत नाही. कन्व्हेअर, मिक्सर, सावकाश वेग घेणारे रोलर यांना २० किंवा ३० नेही फरक पडत नाही, कारण तिथे थांबण्याची जागा कोणी मिलिमीटरच्या भागांत मोजत नाही. म्हणजे तीच २१ ची जोडी कन्व्हेअरवर वर्षानुवर्षं सुखाने चालेल आणि आपल्या टेबलावर पहिल्याच दिवशी डोकं खाईल.

दुसऱ्या टोकाचा हट्टही बरा नाही. १:१ सर्वांत उत्तम असं कॉलेजात शिकून आलेले बरेच जण भेटतात. ते कुठून येतं ते बघू. दिलेल्या मोटर टॉर्कमधून टेबलाला जास्तीत जास्त वेगवाढ हवी असेल, तर गिअर रेशो असा निघतो:

```
N = sqrt(J_load / J_motor) = sqrt(9300 / 1.4) = 81.5
```

इथे १.४ म्हणजे ७५० वॅटचा रोटर आणि त्याचा गिअरबॉक्स मिळून, आणि टेबलाचे ९,३०० या ८१.५ च्या वर्गाने भागले की तेही १.४ च येतात, म्हणजे १:१. गणित बरोबर आहे. पण ८१.५ रेशोला मोटर ३,०५६ फेऱ्यांवर जाते, रेटेड वेगाच्या पलीकडे. शिवाय हा माथा फार सपाट आहे: ६० रेशोला त्याच टॉर्कमधून उत्तम वेगवाढीच्या सुमारे ९५ टक्के मिळतात, आणि आपल्या ४० ला ७९ टक्के. आपल्याकडे टॉर्क शिल्लकच आहे. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी मोटर किंचाळत ठेवण्यात अर्थ नाही.

आकडा खाली आणायचा तर कुठून सुरुवात?

४०० वॅटची मोटर आधीच आलीय आणि मालक बदलून द्यायला तयार नाही, असं धरू. हे नेहमीचंच.

सुरुवात गिअरच्या मेळापासून करा. पिनियनच्या ब्रॅकेटला स्लॉट असतील तर पिनियन जरा आत सरकवा आणि टेबल हाताने पूर्ण एक फेरा फिरवून कुठे जड लागतं का बघा. गिअर किंचित जरी मध्य सोडून फिरत असेल तर एका जागी घट्ट आणि समोरच्या जागी सैल लागेल. घट्ट जागा मोकळी राहील एवढंच सरकवायचं. यातून इनर्शिया रेशो बदलत नाही, पण तो ज्या ढिलाईमुळे त्रास देतो ती कमी होते, आणि खर्च एका तासाच्या कामाचा.

मग टेबल. भरीव चकतीचा इनर्शिया व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. घरं २५० मिमीवरच ठेवून प्लेट ६०० वरून ५६० मिमी केली, तर प्लेटचा वाटा ०.५१५ वरून ०.३९ वर येतो आणि एकूण १३ टक्के घट होते. जाडी कमी करायचा मोह टाळा. पातळ प्लेट वाकायला लागली की नवीनच लवचीकता पदरात पडते. वजन काढायचंच असेल तर काठाजवळून खिसे काढा. मध्याजवळ भोकं पाडून फक्त मशिनिंगचं बिल वाढतं. आणि कोणी "ॲल्युमिनियम महाग पडतं, एमएस प्लेट टाकू" म्हणालं, तर त्याला आकडा दाखवा: तीच प्लेट एमएसची केली की तिचा इनर्शिया जवळपास १.५ होतो आणि टेबलाची एकूण बेरीज दुप्पट.

तिसरा मार्ग गिअर रेशो वाढवणं, आणि वेगातली ती निम्मी जागा इथे वापरायची. १०:१ च्या जागी १५:१ चा गिअरबॉक्स लावला तर एकूण ६० होतात आणि मोटर २,२५० फेऱ्यांवर जाते. टेबल ९,३०० भागिले ३,६००, म्हणजे २.५८. नवा गिअरबॉक्सही आधीच्याएवढाच ०.१ धरला तर ४०० वॅटवर इनर्शिया रेशो २१ वरून ९.६ वर येतो. किंमत अशी की १५:१ सहसा दोन टप्प्यांचा असतो, लांबी वाढते आणि बॅकलॅश थोडा जास्त मिळतो. ऑर्डर देताना आर्कमिनिट विचारून घ्या.

चौथा मार्ग म्हणजे त्याच वॅटची पण जड रोटरची मोटर. बऱ्याच कंपन्या एकाच ताकदीच्या मोटरा कमी आणि जास्त इनर्शिया अशा दोन मालिकांत देतात. ०.५६ चा रोटर आणि ६० चा रेशो एकत्र आले की आकडा ४.८ वर येतो, ड्राइव्हही न बदलता. अर्थात ड्राइव्ह त्या मोटरला चालतो का, हे आधी पाहायचं.

नवीनच मशिन बनवत असाल तर मी ७५० वॅट आणि ४० रेशो घेईन. ६.२ चा आकडा, एकाच टप्प्याचा गिअरबॉक्स, आणि उद्या गिऱ्हाईक जड बाटल्या आणून म्हणाला "याही चालव", तरी हातात काही शिल्लक राहतं.

एका जोडणीबद्दल सावध करतो. वर्म गिअरबॉक्स असेल तर रेशोच्या वर्गाने भागायचं सूत्र वेग वाढवताना लागू पडतं, पण मोठ्या रेशोचा वर्म उलटा फिरत नाही. थांबताना टेबलाची ऊर्जा मोटरकडे न जाता वर्मच्या दातांवरच येते. इनर्शिया रेशोचा आकडा कितीही गोंडस आला तरी तिथे जड टेबल झटक्याने थांबवू नका, ब्रॉन्झचं चाक खाल्लं जाईल.

ड्राइव्हला विचारून ताळा करा

मशिन जुळलं की ऑटो-ट्यूनिंग चालवा. ड्राइव्ह टेबलाला काही वेळा मागेपुढे फिरवून इनर्शिया रेशो स्वतः काढतो आणि एका पॅरामीटरमध्ये ठेवतो. काही ड्राइव्ह तो पटीत दाखवतात, काही टक्क्यांत, म्हणून ६.२ आणि ६२० एकच असू शकतात. ट्यूनिंगच्या आधी टेबलावर भरलेल्या बाटल्या ठेवा, आणि भरणाऱ्या नोझल वर उचलून ठेवा.

हाताने काढलेला ६.२ आणि ड्राइव्हचा ५.८ किंवा ६.७ असेल तर हिशोब जमला. ड्राइव्ह १२ म्हणाला तर कागदावर परत या: ॲल्युमिनियम सांगून एमएसची प्लेट आलीय का, गिअरबॉक्स १०:१ च्या ऐवजी ७:१ चा बसलाय का, घरांची वजनं खरंच काट्यावर केली होती की अंदाजाने लिहिली. ड्राइव्ह २ किंवा ३ दाखवत असेल तर तो फेरा बहुतेक फारच हळू झालाय. वेगवाढ पुरेशी नसेल तर घर्षण आणि इनर्शिया वेगळे करणं ड्राइव्हला जमत नाही, मग वेग वाढवून पुन्हा चालवा.

आणि प्रत्येक वेळी वेगळाच आकडा येत असेल, एकदा ४, एकदा ९, पुन्हा ५, तर गणिताकडे जाऊच नका. पाना घेऊन मधल्या शाफ्टच्या कपलिंगचे ग्रब स्क्रू आणि गिअरबॉक्सचा क्लॅम्प बोल्ट तपासा. दोन्ही ठिकाणी शाफ्ट आणि हबवरून मार्करने एक सरळ रेघ ओढा, दहा-बारा इंडेक्स मारा आणि रेघ कुठे तुटलीय ते बघा.